टॅकलचं बटण सर्वांत शेवटी

ठाण्यातल्या एका घरी रविवारची दुपार. टीव्हीवर ८८वं मिनिट सुरू आहे, २-२ अशी बरोबरी. दोन मावसभाऊ जमिनीवर मांडी घालून बसलेत. थोरल्याचा विंगर डाव्या बाजूने चेंडू घेऊन निघतो आणि धाकट्याचा राइट बॅक त्याच्या अंगावर सुसाट धावत जातो. धाकट्याचा अंगठा गोल चिन्हाच्या बटणावर पाठोपाठ तीनदा आपटतो. पहिल्या टॅकलच्या वेळी विंगर अजून दोन पावलं लांब असतो. दुसऱ्या वेळी चेंडू बाजूने निघून गेलेला असतो. तिसऱ्या वेळी राइट बॅक नुसताच तोल सावरत असतो. घाबरून धाकटा सेंटर बॅकला बाहेर ओढतो, विंगर शेवटच्या रेषेपाशी पोचून चेंडू मागे ढकलतो आणि पेनल्टीच्या ठिपक्याजवळ एकटा उभा असलेला स्ट्रायकर तो जाळ्यात घालतो.

‘‘दादा, हा गेमच चीटिंग करतो! मी टॅकल मारलं होतं.’’

‘‘एकदा नाही, तीनदा मारलंस. त्यातल्या एकदा तरी चेंडू तुझ्या पायाच्या टप्प्यात होता का रे?’’

हे भांडण एका घरापुरतं नाही. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीचा फुटबॉल गेम, जो २०२३पर्यंत ‘फिफा’ नावाने निघायचा आणि त्यानंतर ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ झाला, तो खेळणारे बहुतेक जण गोल मारायला आधी शिकतात. पास, थ्रू बॉल, चार-दोन स्किल मूव्ह महिनाभरात जमतात. बचाव मात्र वर्षानुवर्षं कच्चाच राहतो, कारण बचावात हाताला जे करावंसं वाटतं ते बहुतेक वेळा चुकीचं असतं.

याला थोडा इतिहासही कारण आहे. २०११मध्ये ‘फिफा १२’ आला, त्याच्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये बचाव करणं म्हणजे एक बटण धरून ठेवणं. आपला खेळाडू आपोआप चेंडूवाल्याच्या मागे धावायचा, त्याला गाठायचा आणि पायही स्वतःच घालायचा. ‘फिफा १२’मध्ये टॅक्टिकल डिफेंडिंग नावाची पद्धत आली आणि हे सुख संपलं. आता तेच बटण धरलं तर खेळाडू फक्त अंतर राखून समोर उभा राहतो. चेंडू कधी काढायचा ते खेळणाऱ्याने ठरवायचं आणि वेगळं बटण दाबून करायचं. त्याच आवृत्तीत जवळचं ड्रिब्लिंगही अधिक नेमकं झालं, त्यामुळे चेंडूवाल्याच्या हातात जास्तीची हत्यारं आली. जुन्या पद्धतीवर वाढलेल्या पिढीने तेव्हा बराच आरडाओरडा केला. पुढे २०१९च्या ‘फिफा २०’मध्ये कंपनीने संगणकाकडून होणारा बचाव आणखी सैल केला आणि स्वतः वेळ साधून केलेल्या टॅकलला जास्त फळ दिलं. असं टॅकल बसलं, की सुटलेला चेंडू आपल्याच संघाकडे राहण्याची शक्यता वाढते. तेव्हापासून हाताने बचाव करायला पर्याय असा उरलेला नाही.

इथे बटणांची नावं प्लेस्टेशनची घेतली आहेत. एक्सबॉक्सवर L2च्या जागी LT आणि R2च्या जागी RT, बाकी हिशेब तोच.

सगळ्याचा पाया म्हणजे L2, गेमच्या भाषेत जॉकी. हे बटण धरलं की बचावपटू वेग कमी करतो, गुडघ्यात किंचित वाकतो आणि चेंडूकडे तोंड ठेवून डावीकडे, उजवीकडे, मागे सरकू लागतो. खऱ्या मैदानावर प्रशिक्षक पोरांना शिकवतात तीच ही ठेवण. जॉकीचा उपयोग नीट समजायचा तर त्याच्या उलट काय होतं ते बघावं. R2 धरून पूर्ण वेगाने धावणाऱ्या बचावपटूला वळायला जागा लागते. समोरच्याने दिशा बदलली, की हा आपल्याच वेगात तीन-चार पावलं सरळ पुढे जातो आणि मग वळतो. भरधाव एसटी चुकलेल्या वळणावरून परत फिरवण्यासारखाच हा प्रकार. गेममध्ये ‘तो माझ्या अंगातून गेला’ अशी जी तक्रार ऐकू येते, त्यातल्या बहुतेक प्रसंगी आपणच त्याच्या बाजूने धावत निघून गेलेलो असतो.

L2 आणि R2 दोन्ही एकत्र धरली तर वेगवान जॉकी मिळते. तोंड चेंडूकडेच राहतं, पण सरकण्याचा वेग वाढतो. नवशिके इथे दुसऱ्या टोकाला जातात आणि दोन्ही बटणं सामनाभर दाबून ठेवतात. वेगवान जॉकीतही वळण साध्या जॉकीपेक्षा जडच असतं. म्हणून मुरलेल्या खेळाडूची बोटं सारखी बदलत असतात: लांबचं अंतर तोडायला नुसतं R2, जवळ आल्यावर R2 सोडून L2, आणि समोरचा वेग वाढवतोय असं दिसलं की दोन्ही. ही अदलाबदल किती लवकर करायची हा खरा प्रश्न. चेंडूवाल्यापासून पाच-सहा पावलांवर असतानाच R2 सुटलेलं असावं. अगदी जवळ जाऊन ब्रेक लावला तर उशीर झालेला असतो.

उभं कुठे राहायचं, याचंही उत्तर चेंडूच्या दिशेने मिळत नाही. चेंडूवाला आणि आपला गोल यांच्यामध्ये एक रेषा कल्पावी आणि बचावपटूला त्या रेषेवर, पण किंचित आतल्या बाजूला ठेवावं. विंगरला बाहेरची, टचलाइनकडची वाट उघडी दिसली पाहिजे आणि गोलकडची बंद. बाहेर गेलेला विंगर निदान लगेच गोल मारू शकत नाही.

जुन्या सवयीचा एक सापळा इथे अजून शिल्लक आहे. X धरून ठेवलं, की खेळाडू स्वतःहून समोरच्याला अंतर राखून चिकटतो, त्याला ‘कंटेन’ म्हणतात. सोपं वाटतं. पण तो निर्णय गेम घेत असतो, आणि चेंडूवाल्याने दिशा बदलल्यानंतर घेतो. नुसता खांदा पाडून दिलेल्या हुलकावणीलाही तो फसतो. X हे पोहायला शिकताना पाठीला बांधलेल्या डब्यासारखं आहे: पहिल्या आठवड्यात असू द्यावं, पण तेवढ्यावर खोल पाण्यात जाऊ नये.

आता दुसरी गोष्ट, जी ऐकताना क्षुल्लक वाटते आणि जिच्यामुळे निम्म्याहून जास्त गोल होत असावेत: आपण कोणाला हलवतोय?

चेंडू मधल्या पट्टीत, आपल्या गोलपासून साधारण तीस मीटरवर, समोरच्या स्ट्रायकरच्या पायात आहे. L1 दाबलं की गेम बहुधा चेंडूच्या सगळ्यात जवळचा खेळाडू हाती देतो, आणि तो असतो सेंटर बॅक. खेळणारा साहजिकच त्याला घेऊन पुढे जातो. त्या क्षणी बचावाच्या रेषेत भोक पडतं. स्ट्रायकर एक छोटा पास देतो, दुसरा फॉरवर्ड त्या भोकातून आत घुसतो आणि समोर उरतो फक्त गोलकीपर. सेंटर बॅकने काहीही वेडंवाकडं केलेलं नाही, टॅकलही चुकलेलं नाही. त्याची जागा सोडली एवढंच झालं.

याला उपाय एकच. दाब टाकायला पुढून माणूस आणायचा नाही, मागून आणायचा. म्हणजे चेंडूच्या मागे पडलेला, आपल्या गोलकडे परतणारा डिफेन्सिव्ह मिडफिल्डर हाती घ्यायचा आणि त्याला स्ट्रायकरच्या पाठीवर धावत न्यायचं. स्ट्रायकरला मागून पावलं ऐकू आली की तो घाई करतो, आणि समोर सेंटर बॅकची जोडी जागेवर शाबूत असते. सेंटर बॅक गेमच्या ताब्यात असतात तेव्हा आपली जागा बरी धरून ठेवतात, त्यांना विस्कटतो तो बहुतेक वेळा माणूसच.

हवा तो खेळाडू मिळवण्यासाठी L1वर विसंबून चालत नाही. उजवी स्टिक ज्या दिशेला झटकावी त्या दिशेचा खेळाडू हाती येतो, आणि बचावाची खरी सवय हीच. सुरुवातीला चुका होतात: मिडफिल्डर हवा असतो, हाती येतो उलट्या बाजूचा लेफ्ट बॅक, मग घाबरून आणखी दोनदा स्विच आणि तेवढ्यात चेंडू गोलात. सेटिंगमध्ये आयकॉन स्विचिंगही असतं. त्यात उजवी स्टिक दाबली की काही खेळाडूंच्या डोक्यावर बटणांची चिन्हं उमटतात आणि हव्या त्याचं बटण दाबायचं. अचूक आहे, पण पळापळीत चिन्हं वाचायला वेळ जातो. कीबोर्डवर खेळणाऱ्यांची इथे खरी अडचण होते, त्यांच्याकडे उजवी स्टिकच नसते.

स्विच कधी करायचं, याचा नियम मात्र साधा आहे. समोरच्याने पास दिल्यावर नव्हे, तो देणार असं दिसताच. पास सुटल्यावर स्विच केलं तर नवा खेळाडू हाती येईपर्यंत चेंडू पोचलेला असतो. शिवाय नवा खेळाडू हाती येतो तेव्हा तो आधीच कुठल्यातरी दिशेने धावत असतो. डाव्या स्टिकवर अंगठा जुन्याच दिशेला दाबलेला असेल तर तो भलत्याच बाजूला निघतो. म्हणून स्विच करताना डावी स्टिक क्षणभर मोकळी सोडावी. हा ‘अंगठा सोडणं’ प्रकार लिहायला एक ओळ लागते, बोटांना शिकवायला महिना जातो.

सेटिंगमध्ये आपोआप स्विच बंद करायचा पर्यायही असतो. बरेच मुरलेले खेळाडू तो फक्त हवेतल्या आणि सुट्या चेंडूंपुरता चालू ठेवतात. आपण मिडफिल्डर पळवत असताना गेमने मध्येच आपल्याला सेंटर बॅकवर नेऊन टाकलं, तर वरच्या सगळ्या शहाणपणावर पाणी पडतं.

R1 दाबून दुसऱ्या सहकाऱ्याला चेंडूवाल्यावर सोडता येतं. कामाचं बटण आहे, पण व्यसन लागणारं. तो सहकारीही आपली जागा सोडूनच जातो, आणि सारखं पळवलं तर सत्तराव्या मिनिटानंतर त्याचा श्वास संपलेला असतो. गेममधला दमसास दिसेनासा होतो तेव्हाच नेमका लागतो.

आता टॅकल. इतकं सगळं लिहून झाल्यावर ते येतं, यातच त्याची जागा कळावी.

कबड्डी पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट लगेच पटेल. चढाईपटू आत आला की चांगला कोपरारक्षक त्याच्यावर झेप घेत नाही. तो सरकत राहतो, अंतर राखतो, आणि चढाईपटूने स्पर्शासाठी पाय लांबवला किंवा वजन एका पायावर टाकलं, की त्याच क्षणी घोटा धरतो. आधी धरला असता तर लाथ बसली असती, नंतर धरला तर तो निघून गेलेला. गेममधलं उभं टॅकल, म्हणजे गोल चिन्हाचं बटण, नेमक्या याच हिशेबाने चालतं.

कारण टॅकल म्हणजे नुसता पाय नसतो, ती एक पूर्ण हालचाल असते. बटण दाबलं की खेळाडू पाय पुढे टाकतो, चेंडू नाही मिळाला तर तोल सावरतो, मग पुन्हा पळायला लागतो. तेवढा वेळ तो आपल्या हातात नसतो. विंगरला एवढी उसंत पुरेशी असते. हुकलेलं टॅकल म्हणूनच टॅकल न करण्यापेक्षा महाग पडतं.

चेंडू सुटा कधी असतो? तीन वेळा. पहिली, पास त्याच्यापर्यंत पोचतो तेव्हा, म्हणजे त्याच्या पहिल्या स्पर्शाच्या क्षणी. दुसरी, तो वेगाने धावतो तेव्हा, कारण धावताना प्रत्येक स्पर्शागणिक चेंडू पायापासून हातभर पुढे जातो. चेंडू पायाशी चिकटवून हळूहळू चालणाऱ्याकडे अशी फट नसते, त्याच्यावर टॅकल मारणं हा शुद्ध जुगार आहे. तिसरी वेळ म्हणजे एखादी स्किल मूव्ह किंवा वळण संपतं तो क्षण. मूव्ह चालू असताना ती थांबवायला जाऊ नये. ती संपल्यावर चेंडू कुठे उतरणार, तिथे उभं राहावं.

हे दिसायचं तर नजर चेंडूवाल्याच्या धडावर ठेवून चालत नाही, चेंडूवर ठेवावी लागते. आणि बटण दाबण्याआधी R2 सुटलेलं हवं. धावता धावता मारलेलं टॅकल लांब जातं, चुकलं तर फाऊल होतं आणि बॉक्समध्ये असेल तर पेनल्टी. पाठीमागून पाय घालू नये, हे खऱ्या मैदानावर लागू आहे तेवढंच इथेही. चौकोनाचं बटण म्हणजे घसरत टॅकल. शॉट अडवायचा शेवटचा उपाय म्हणून ते राखून ठेवलेलं बरं, एरवी त्याच्यासारखं लाल कार्डाचं आमंत्रण नाही.

ठाण्यातल्या त्या खोलीत थोरल्याने सामना संपल्यावर रिप्ले लावला. गोल कसा झाला ते दाखवायला नव्हे. त्याने रिप्ले मागे नेला, विंगरला चेंडू मिळाला तिथपर्यंत. ‘‘हे बघ. इथे तू R2 दाबून त्याच्यावर निघालास. मी तेव्हाच आत वळायचं ठरवलं होतं, पण तू इतका वेगात आलास की बाहेरूनच गेलो.’’

मग त्यांनी तोच हल्ला पुन्हा खेळून पाहिला. थोरल्याने मुद्दाम तशीच चढाई केली. विंगर निघाला तेव्हा धाकट्याने राइट बॅक हातात घेतला, पण सहा पावलांवर R2 सोडून L2 धरलं आणि आतल्या बाजूला उभा राहिला. विंगर थांबला. आत वळला, वाट बंद. बाहेर वळला. धाकट्याचा अंगठा बटणावर गेला, थोरला हळूच म्हणाला, ‘‘नको,’’ आणि अंगठा परत आला. विंगरने वेग घेतला, राइट बॅक वेगवान जॉकीत त्याच्या बरोबरीने सरकत राहिला. आता विंगर शेवटच्या रेषेकडे निघाला होता. मागच्या वेळी धाकट्याने इथे सेंटर बॅक बाहेर ओढला होता.

या वेळी त्याने उजवी स्टिक मागच्या बाजूला झटकली. हाती आला मिडफिल्डर, पेनल्टी बॉक्सच्या अर्धवर्तुळाशी रेंगाळलेला. त्याला पळवत त्याने पेनल्टीच्या ठिपक्यापाशी आणलं. विंगरला आता दोनच वाटा होत्या. जवळच्या खांबापाशी चेंडू टाकावा, तर तिथे सेंटर बॅक जागेवर होता. मागे ढकलावा, जसा मघाशी ढकलला होता, तर त्या वाटेत मिडफिल्डर उभा होता. थोरल्याने मागेच दिला. चेंडू सरळ मिडफिल्डरच्या पायात आला. अख्ख्या हल्ल्यात धाकट्याने टॅकलचं बटण एकदाही दाबलं नव्हतं.

शेवटच्या रेषेवरून मागे ढकललेला हा चेंडू म्हणजे कट-बॅक. या गेममध्ये अनुभवी प्रतिस्पर्धी फिरून फिरून हाच मार्ग धरतो, कारण बहुतेकांचं लक्ष विंगरवर असतं. विंगर बॉक्सच्या कडेला पोचला, की त्याला राइट बॅकच्या भरवशावर सोडावं आणि चेंडू ज्या वाटेने मागे येईल ती वाट मिडफिल्डरला घेऊन बंद करावी. राइट बॅक गेमच्या हाती राहिला तरी विंगरला शॉटसाठी कोन मिळत नाही, इतपत तो नक्की करतो.

या सगळ्याला मर्यादा आहेत, आणि त्या न सांगणं बरं नव्हे. ऑनलाइन खेळताना इंटरनेट मंद असेल, तर बटण दाबणं आणि पाय हलणं यांत जाणवेल इतकं अंतर पडतं. पहिल्या स्पर्शाच्या क्षणी मारलेलं टॅकल मग दुसऱ्या स्पर्शाच्या वेळी बसतं, म्हणजे बसतच नाही. अशा सामन्यात टॅकल जवळजवळ विसरून जॉकी आणि पासची वाट अडवणं यावरच भर द्यावा. दुसरी मर्यादा खेळाडूंची. उंच, जड सेंटर बॅकचं जॉकीतलं वळण चपळ फॉरवर्डसमोर कधीच पुरं पडत नाही. २०२३पासून गेममध्ये खेळाडूंना ‘प्लेस्टाइल’ नावाचे खास गुण दिलेले असतात. त्यातला ‘जॉकी’ हा गुण असलेला बचावपटू वेगवान जॉकीत इतरांपेक्षा जलद सरकतो आणि तिथून धावायलाही लवकर लागतो. ‘अँटिसिपेट’ असलेल्याचं उभं टॅकल जास्त खात्रीचं असतं. असा माणूस संघात असेल तर त्याला फुलबॅकला खेळवावं, कारण एकास एक सामना बहुतेक तिथेच होतो.

सरावासाठी थोरल्याने धाकट्याला एक विचित्र अट घातली: पहिल्या हाफमध्ये टॅकलचं बटण अजिबात दाबायचं नाही. धाकट्याने पहिल्या सामन्यात त्या हाफमध्ये तीन गोल खाल्ले आणि कंट्रोलर गादीवर फेकला. दुसऱ्यात दोन. पाचव्या सामन्यात ४० मिनिटं शून्यावर काढली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की चेंडू तर तसाही मिळतोय: कधी पास मिडफिल्डरच्या पायात येऊन, कधी विंगर रेषेबाहेर गेल्याने, कधी समोरचा कंटाळून लांबून मारतो म्हणून. दुसऱ्या हाफमध्ये बटण मोकळं झालं तेव्हा त्याने ते फक्त दोनदा वापरलं. एकदा फाऊल झालं. एकदा विंगरने धावताना चेंडू हातभर पुढे टाकला होता, आणि राइट बॅकचा पाय अलगद मध्ये आला.

‘‘हे बसलं,’’ धाकटा म्हणाला, आणि पहिल्यांदाच रिप्ले स्वतःहून लावला.